मेंटॉरची जोडी लावायची कशी आणि सोडवायची कधी: साखर कारखान्याच्या एका हंगामाचा हिशोब

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात पर्सोनेल विभागात आहे. येत्या दोन-तीन हंगामांत आमची बरीच जुनी माणसं निवृत्त होतायत, आणि नवीन पोरं दोन वर्षं टिकत नाहीत. एमडी साहेबांनी सीनिअर-ज्युनिअर जोड्या लावून मेंटॉरिंग सुरू करायला सांगितलंय. जोड्या लावायच्या कशा? हे किती दिवस चालवायचं आणि बंद कसं करायचं?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बाकीचं त्यावरून ठरतं. जोडी ज्या दिवशी लावाल त्याच दिवशी ती कधी सुटणार ते दोघांना सांगा. साखर कारखान्यात ही तारीख शोधत बसावं लागत नाही. जुलैच्या मध्यापासून ज्युनिअर-सीनिअरांकडून लिहून घ्यायचे कागद गोळा करा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जोड्या जाहीर करा. गळीत हंगाम संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत, हंगामी लोक घरी जाण्याआधी आणि कायम लोक रजेवर जाण्याआधी, सगळ्या जोड्या सोडवा. म्हणजे आठ-नऊ महिने झाले. यात ऑफ सीझनचं ओव्हरहॉलिंग येतं, बॉयलर पेटतो, मोळी पडते आणि पूर्ण हंगाम पार पडतो. ज्युनिअरला कारखान्याचं एक पूर्ण वर्तुळ सीनिअरच्या सोबतीने बघायला मिळतं.

बरेच जण नोव्हेंबरात, मोळी पडली की सुरू करू म्हणतात. तसं करू नका. हंगाम सुरू झाला की सीनिअरला मान वर करायला फुरसत नसते, आणि अनोळखी माणसाला रात्री दोन वाजता अडचण सांगायला ज्युनिअर धजत नाही. ओळख ऑफ सीझनमध्येच व्हायला हवी. मिल उघडलेली असते, पॅनच्या ट्यूब साफ होत असतात, माणसं चहाला दहा मिनिटं जास्त बसतात. तो काळ वाया घालवू नये.

आता जोड्या. पहिली गोष्ट, शिकवणी आणि मेंटॉरिंग वेगळं करा. पॅनवर दाणा कसा धरायचा, मिलचं सेटिंग कसं करायचं, ज्यूसचा पीएच कसा सांभाळायचा ही शिकवणी. ती त्या-त्या खात्यातल्या माणसानेच द्यायची, तिचा तक्ता चीफ केमिस्ट आणि चीफ इंजिनिअरने करायचा. बॉयलर अटेंडंटसारख्या कामाला तर कायद्यानं प्रमाणपत्र लागतं. मेंटॉर सोबत आहे म्हणून प्रमाणपत्र नसलेल्या मुलाला बॉयलरवर उभं करणं हा अपघाताला आणि खटल्याला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. मेंटॉरचं काम यापलीकडचं. वयानं दुप्पट असलेल्या माणसाला काम कसं सांगायचं, लॉगबुकात काय लिहायचं आणि काय तोंडी मिटवायचं, वरचा साहेब आणि खालचा कामगार यांच्यात अडकल्यावर काय करायचं, या कारखान्यात पाच वर्षांनी आपण कुठे असू, हे सगळं कुठल्याही तक्त्यात बसत नाही. पोरं दोन वर्षांत सोडून जातात त्यामागे पगार असतोच. पण मशीन जमलं नाही म्हणून गेलेला मुलगा मला फारसा भेटलेला नाही. माणसं जमली नाहीत म्हणून गेलेले पुष्कळ भेटले.

म्हणून जोडी लावताना सीनिअरच्या कौशल्यापासून सुरुवात करू नका. ज्युनिअरच्या अडचणीपासून करा. प्रत्येक ज्युनिअरला एक कागद द्या आणि चार गोष्टी लिहून मागा. हंगाम संपेपर्यंत मला एकट्याने काय करता यायला हवं. सध्या मी कुठे अडतो, अगदी अलीकडचा प्रसंग. ज्यांच्याकडून शिकायला आवडेल अशी तीन नावं. आणि ज्याच्यासोबत नको असं एक नाव. हे शेवटचं नाव फक्त तुम्ही वाचायचं, साहेबांनाही दाखवायचं नाही, आणि हे कागद वाटतानाच सांगायचं. पहिल्या वर्षी निम्मी पोरं ती ओळ कोरी ठेवतील. ठेवू द्या. तुम्ही शब्द पाळलात हे दिसलं की पुढच्या वर्षी लिहितील.

पसंती विचारायची ती केवळ मन राखायला नाही. टॅमी अॅलन, लिलियन एबी आणि एलिझाबेथ लेन्ट्झ यांचा २००६ सालचा अभ्यास नेमका कंपन्यांनी लावलेल्या अशा जोड्यांवर होता. जोडी ठरवताना आपलं म्हणणं विचारात घेतलं गेलं असं ज्यांना वाटलं, त्यांनी नात्याचा दर्जाही चांगला सांगितला. आपल्याकडेही हेच दिसतं. वरून लादलेल्या जोडीत दोघेही ड्युटी म्हणून येतात.

सीनिअर निवडताना ज्येष्ठता यादी बाजूला ठेवा. ज्युनिअर आणि कामगार दोघांनाही एकच विचारा, 'साहेब नसताना अडलं तर कुणाला फोन लावतोस?' तीच तीन-चार नावं फिरून फिरून येतील. त्यातली काही माणसं पदानं लहान असतील, पण मेंटॉर व्हायला पद लागत नाही. त्यांच्याकडूनही एक कागद घ्या, आपण पहिल्या दोन हंगामांत कुठे अडलो होतो आणि त्यातून कसे बाहेर पडलो. ज्याला हे लिहिता किंवा सांगता येत नाही तो उत्तम कारागीर असेल, पण त्याला शिकवणीच्या तक्त्यात घ्या, मेंटॉर करू नका.

इथे एक अडचण येते, तिच्याकडे डोळेझाक करू नका. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेल्या माणसाच्या मनात मुदतवाढीचा विचार असतो. आपण जाणतो ते दुसऱ्याला आलं तर आपली गरज संपली, मग मुदतवाढ कोण देणार? तो हातचं राखून शिकवेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. घरात मुलीचं लग्न असतं, कर्जाचे हप्ते असतात. यावर भाषण देऊन उपयोग नाही. एमडींकडून आधीच लेखी घ्या की मुदतवाढीचा निर्णय आणि मेंटॉरिंगचा संबंध नाही, आणि ज्यांना मुदतवाढ द्यायचीच नाही त्यांना ते ऑगस्टपूर्वी कळवलं जाईल. उत्तर नाही असलं तरी ते कळलेला माणूस मन मोकळं करून शिकवतो. लटकत ठेवलेला शिकवत नाही. एमडी असं लिहून द्यायला तयार नसतील, तर शेवटच्या वर्षातल्या लोकांना मेंटॉर करू नका, निवृत्तीला तीन-चार वर्षं असलेले घ्या.

कागद हातात आले की टेबलावर पसरा आणि आधी फक्त काट मारा. ज्युनिअरचा थेट साहेब बाद. त्याचा गोपनीय अहवाल लिहिणारा किंवा त्यावर सही करणारा बाद. भावकीतला, सोयरा, एकाच घरचं पाणी पिणारा बाद. पुढच्या बढतीत ज्याची ज्युनिअरशीच स्पर्धा होऊ शकते तो बाद. आणि आपल्या भागात एक काट जास्तीची लागते: संचालक मंडळाच्या निवडणुकीत जो माणूस एखाद्या पॅनेलचा म्हणून उघड ओळखला जातो, त्याच्याकडे त्याच गावचा किंवा त्याच गटाचा मुलगा देऊ नका. मंडळ बदललं की मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो, आणि तो त्याने मागितलेला नसतो. काट मारून झाली की शिफ्ट बघा. त्यानंतर अडचण आणि पसंती जुळवा. एका सीनिअरकडे एकच ज्युनिअर, फार तर दोन. आणि दोन राखीव सीनिअर हाताशी ठेवा, ते पुढे लागतात.

एक जोडी मी जवळून बघितलेली सांगतो, म्हणजे ही काट प्रत्यक्षात कशी चालते ते कळेल. कारखान्याचं नाव सोडा, तो सातारा-सांगलीच्या पट्ट्यातलाच.

मुलगा बी.एस्सी. केमिस्ट्री, नंतर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला, शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलेला. कागदावर त्याने लिहिलं होतं, 'पॅनचं काम मला एकट्याने बघता यायला हवं.' वाचून कुणीही म्हणेल, त्याला जुन्या पॅन इनचार्जकडे द्या. त्या माणसाचा हात असा, की काचेवर मासेक्विट पसरून दिव्याकडे धरलं की दाणा पुढे कसा वाढेल ते सांगायचा. मुलाच्या तीन नावांत पहिलं नाव त्याचंच होतं.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळंच होतं. त्याने लिहिलं होतं, रात्रीच्या शिफ्टला पॅनमन माझं ऐकत नाहीत, मी काही सांगितलं की हसतात, आणि सकाळी साखरेत काही बिघडलं की चीफ केमिस्ट मला विचारतात. म्हणजे गडी दाण्यावर अडलेला नव्हता, माणसांवर अडला होता. आणि ज्यांच्यावर अडला होता ते सगळे त्याच पॅन इनचार्जच्या हाताखाली तयार झालेले. मुलगा त्याच्याकडे जाऊन त्याच्याच माणसांबद्दल बोलणार कसा? शिवाय कागदोपत्री शिफ्टमध्ये शिफ्ट केमिस्ट वर आणि पॅनचा माणूस खाली. इनचार्जला मेंटॉर केलं असतं तर त्या साखळीत गाठच पडली असती.

दुसरं नाव होतं मिलच्या सीनिअर शिफ्ट इंजिनिअरचं. माणूस समजूतदार, सगळ्यांना हवासा. पण सिरपच्या टाक्या भरल्या की मिलचा वेग कमी करावा लागतो, कधी थांबवावी लागते, आणि मग तो वेळ प्रोसेसच्या खात्यावर लिहायचा की इंजिनिअरिंगच्या, यावरून दोन खात्यांत दर हंगामात धुसफूस असते. एकाच शिफ्टला हे दोघे आमनेसामने आले असते. तोही बाद.

तिसरं नाव डिस्टिलरीच्या एका सीनिअर शिफ्ट इनचार्जचं. तो उमेदीत कारखान्यात प्रोसेसलाच होता, पॅन हाऊस आतून ओळखत होता, पण आता साखळीच्या बाहेर होता. मुलाच्या गोपनीय अहवालाशी त्याचा संबंध नव्हता, साखर बिघडली तर त्याच्यावर येणार नव्हतं. जोडी तिथे लागली. पॅनचा हात शिकण्यासाठी जुन्या इनचार्जकडे ऑफ सीझनमध्ये शिकवणी वेगळी लावली, आणि त्याला तसं बोलावून सांगितलं. तो दुखावला नाही, उलट शिकवणीत जास्त मोकळा झाला. विषयाची जाण असलेला पण साखळीबाहेरचा माणूस शोधा, हे या जोडीतून घ्यायचं. आपल्या कारखान्यांत डिस्टिलरी, को-जन, स्टोअर, लॅब, शेती विभाग असं बरंच काही एकाच आवारात असतं, त्यामुळे असा माणूस सहसा सापडतो.

जोडी जाहीर करण्याआधी तिघांची बैठक घ्या. मेंटॉर, ज्युनिअर आणि ज्युनिअरचा थेट साहेब. ही बैठक टाळलीत तर दोन महिन्यांत साहेब मुलाला विचारणार, 'तू माझं ऐकतोस की त्यांचं?' बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट करायच्या. रोजच्या कामाची ऑर्डर साहेबाचीच, मेंटॉर काम सांगणार नाही. दोघांचं बोलणं दोघांत राहील, साहेबाने विचारायचं नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. अपवाद फक्त जिवाला धोका, छळ आणि चोरी यांचा, ते लपवलं जाणार नाही. आणि भेटीचा वेळ ड्युटीचा धरला जाईल, पंधरवड्याला एकदा पाऊण तास, टाइम ऑफिसला तशी नोंद.

महिला ज्युनिअर असेल, लॅबला हल्ली बऱ्याच मुली येतात, तर मेंटॉर महिला हवी की कुणीही चालेल हे तिलाच विचारा, तिच्या वतीने ठरवू नका. भेट दिवसा आणि दहा लोकांच्या नजरेसमोर असेल अशा जागी ठेवा. हा नियम सगळ्याच जोड्यांना लावा, म्हणजे तिच्यापुरता वेगळा वाटणार नाही.

भत्त्याबद्दल विचारणा होईलच. भेटीमागे पैसे देऊ नका. पैसे ठेवले की भेटी कागदावर होतात. शिफ्टबाहेर थांबावं लागलं तर त्याची बदली सुट्टी द्या, तेवढं पुरे.

शिफ्ट हा हंगामातला सगळ्यात मोठा अडथळा. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार असं फिरतं चक्र असतं, आणि दोघांचं चक्र उलटं पडलं तर महिनाभर तोंड दिसत नाही. जोडी एकाच शिफ्टला ठेवा असं मी म्हणणार नाही, त्यात दुसरे गुंते होतात. पण एकाच्या शिफ्टचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात जुळेल असा पंधरवड्यातला एक दिवस टाइम ऑफिसकडून आधीच काढून ठेवा. त्या दिवशी भेट ठरलेलीच. दोघांवर सोडलंत की 'बघू, ठरवू' यात डिसेंबर निघून जातो.

आता त्या मुलाची गोष्ट पुढे. डिसेंबरात रात्रीच्या शिफ्टला एका पॅनमध्ये खोटा दाणा आला. व्हॅक्यूम आणि वाफ यांचा मेळ बिघडून सिरप मर्यादेपेक्षा जास्त घट्ट झालं की मूळ दाणा वाढायचा सोडून नवा बारीक दाणा उठतो, सेंट्रिफ्युगलला तो जाळीत अडकतो किंवा मळीबरोबर निघून जातो, आणि सकाळी सगळ्यांच्या लक्षात येतं. पॅनमनने वेळेवर पाणी मारलं नव्हतं. मुलाने लॉगबुकात पॅनमनचं नाव लिहायचं ठरवलं, आणि लिहिण्याआधी मेंटॉरला फोन केला.

मेंटॉरने लिही किंवा लिहू नको असं सांगितलं नाही. त्याने विचारलं, शिफ्ट सुरू झाली तेव्हा तू पॅनजवळ होतास का? व्हॅक्यूम किती होता ते तू बघितलंस का? त्या माणसाशी त्या वेळी काय बोलला होतास? मुलगा लॅबमध्ये बसून होता. त्याला आपोआप उत्तर मिळालं. जे घडलं ते आकड्यांसकट लिहायचं, नाव घालायचं नाही, असं त्याने ठरवलं. पुढच्या भेटीत दोघांनी एक रीत बसवली: शिफ्ट घेतल्यावर आधी पॅनवर जायचं, पॅनमनसोबत काच बघायची, 'मामा, तुम्हाला काय वाटतं' म्हणून आधी त्याचं ऐकायचं, मग दोघांच्या समोर व्हॅक्यूम आणि ब्रिक्स लॉगमध्ये चढवायचं. महिन्याभराने पॅनमन हसायचे थांबले. सगळे नाही. एक जण शेवटपर्यंत आढ्यतेनेच वागला, आणि त्याच्यासोबत काम कसं काढून घ्यायचं हेही मुलगा त्याच हंगामात शिकला.

जोडी बिघडते आहे हे ओळखायचं कसं? तुम्ही फक्त दोन गोष्टी विचारणार आहात, शेवटची भेट कधी झाली आणि पुढची कधी आहे. एवढ्यावरून बरंच कळतं. 'चालू आहे साहेब' एवढंच उत्तर आलं आणि तारीख सांगता आली नाही तर चालू नाही असं समजा. सगळ्या भेटी पगाराच्या दिवशी किंवा अहवाल मागण्याच्या आदल्या दिवशी पडल्या असतील तर त्या कागदावरच्या आहेत. ज्युनिअर मेंटॉरची खासगी कामं करताना दिसला, त्याच्या मुलाचे फॉर्म भरताना, उसाच्या बिलासाठी गट ऑफिसला हेलपाटे घालताना, तर त्याच दिवशी मेंटॉरशी बोला. आणि मेंटॉर ज्युनिअरच्या रजेसाठी, बदलीसाठी तुमच्याकडे शब्द टाकायला येऊ लागला तर तो वकील झाला आहे. हेतू चांगला असतो, पण साहेब बिथरतो आणि मुलाचंच नुकसान होतं.

यासाठी सहाव्या आठवड्यात, सप्टेंबरच्या मध्याला, एक दार उघडं ठेवा. त्या आठवड्यात प्रत्येकाला वेगवेगळं भेटून विचारा, पुढे चालवायचं की बदलायचं? कारण विचारायचं नाही. दोघांपैकी एकाने बदला म्हटलं तरी जोडी बदलायची, राखीव सीनिअर यासाठीच ठेवलेले असतात. ही तारीख ऑगस्टमध्येच जाहीर केलेली असली की बदल हा अपमान वाटत नाही. शेती विभागातली एक जोडी अशीच बदलावी लागली होती. गट ऑफिसच्या नव्या मुलावर ऊसतोडीची क्रमपाळी मोडून अमक्याच्या उसाला आधी तोड द्या असा दबाव यायचा, आणि त्याचा मेंटॉर ज्या गावचा त्याच गावातून दबाव जास्त. मेंटॉर माणूस सरळ होता, पण त्याच्यासमोर मुलाला गावाचं नाव घेता येईना. राखीवमधला लॅबचा एक सीनिअर दिला, आणि मुलगा बोलू लागला. पहिल्या मेंटॉरला वाईट वाटू नये म्हणून त्याला बोलावून एवढंच सांगितलं की ठरल्याप्रमाणे बदल केला आहे, आणि त्याचे आभार मानले. कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

आता जोडी सोडवणं. इथेच बहुतेक ठिकाणी ढिलाई होते. हंगाम संपतो, लोक पांगतात, आणि जोडी कुणी न सोडवता सुटते. मग ज्युनिअरला वाटतं आपण संपर्क तोडला, सीनिअरला वाटतं गरज सरली. नोकरीतल्या अशा नात्यावर कॅथी क्रॅम यांनी १९८३ साली जी मांडणी केली तिच्यात नात्याचे चार टप्पे आहेत, सुरुवात, भरभराट, वेगळं होणं आणि नव्यानं जुळणं. वेगळं होणं हा तिसरा टप्पा तिथे स्वतंत्रपणे येतो. तो टप्पा तुम्ही आखला नाहीत तर तो कसाही येतो.

आखायचा म्हणजे काय? आठ-नऊ महिन्यांचे तीन भाग करा. मोळी पडेपर्यंत ज्युनिअरने करण्याआधी विचारावं. नोव्हेंबरपासून शेवटचे सहा आठवडे उरेपर्यंत त्याने आपला निर्णय घेऊन यावा आणि तो मेंटॉरला तपासून घ्यावा, म्हणजे 'काय करू' असं न विचारता 'मी असं करणार आहे, कुठे चुकतोय' असं विचारावं. शेवटच्या सहा आठवड्यांत त्याने निर्णय घ्यावा, अंमलात आणावा आणि नंतर सांगावं. हे तीन भाग पहिल्याच भेटीत दोघांना समजावून द्या. शेवटच्या भागात मेंटॉरचं काम सगळ्यात अवघड होतं, कारण फोन आला तरी त्याला म्हणावं लागतं, 'तू ठरव, उद्या सांग.' आपल्या त्या मुलाला फेब्रुवारीत हे जड गेलं. दोनदा त्याने रात्री फोन लावला, आणि दोन्ही वेळा मेंटॉरने विचारलं, जिवाला किंवा मशीनला धोका आहे का? नाही म्हटल्यावर ठेवून दिला. सकाळी मुलाने केलेलं सांगितलं तेव्हा मात्र मेंटॉरने वेळ देऊन ऐकलं. धोक्याचा हा प्रश्न आधी विचारायचाच, तिथे सवलत नाही.

शेवटची भेट तासाभराची ठेवा, तुम्ही त्यात नसावं. एकट्याने काय जमायला हवं म्हणून ज्युनिअरने सुरुवातीला जे लिहिलं होतं ते दोघांनी समोर घ्यावं. यातलं काय आता एकट्याने जमतं, काय राहिलं आणि त्यासाठी पुढे कुणाकडे जायचं, नावासकट. मग सीनिअरनेही सांगावं की त्याला या मुलाकडून काय मिळालं. हे आवर्जून करा, सीनिअरला फक्त विहिरीसारखं वापरलं असं वाटता कामा नये. शेवटी पुढची वागणूक ठरवावी: फोन करायचा का, कधी, कशासाठी. निवृत्त होणाऱ्या मेंटॉरच्या बाबतीत हे फार स्पष्ट लागतं. नाहीतर कारखाना त्याला पुढच्या हंगामात फुकट फोनवर राबवतो, आणि ज्युनिअरही उभा राहत नाही. ज्युनिअरने हंगामभर ठेवलेली वही त्याचीच, ती जमा करून घेऊ नका. तुम्हाला फक्त एक ओळ हवी, जोडी अमुक तारखेला ठरल्याप्रमाणे सुटली, खाली दोघांच्या सह्या.

शाल-श्रीफळ द्यायचं तर शेवटच्या भेटीनंतर द्या, सगळ्या मेंटॉरना एकत्र, ज्युनिअरच्या हातून. उत्कृष्ट जोडी असा नंबर काढू नका. तो काढला की पुढच्या वर्षी अडचणी लपवल्या जातात.

मध्येच बदली, आजारपण किंवा राजीनामा आला तर जोडी तशीच सोडून देऊ नका. आठवड्याच्या आत छोटी का होईना, शेवटची भेट घडवा, फोनवर चालेल. आणि मुलाला लगेच दुसरा मेंटॉर लावू नका. तीन-चार आठवडे जाऊ द्या, मग त्याला हवा का विचारा.

यश मोजताना भेटींची संख्या मोजू नका. चार-पाच जोड्यांत टक्केवारीला अर्थ नसतो. प्रत्येक ज्युनिअरचा कागद घ्या, त्याने जे एकट्याने जमायला हवं म्हणून लिहिलं होतं ते जमतं का हे त्याच्या थेट साहेबाला विचारा, आणि पुढच्या मोळीला तो कारखान्यात आहे का ते बघा. त्या शिफ्ट केमिस्टच्या बाबतीत चीफ केमिस्टचं उत्तर होतं, 'पॅनवर अजून कच्चा आहे, पण रात्रीची शिफ्ट त्याच्यावर सोडून मी झोपतो.'

पहिल्या वर्षी चार-पाच जोड्यांच्या वर जाऊ नका. ज्यांनी हा हंगाम मेंटॉर म्हणून काढला त्यांना पुढचा हंगाम मोकळा द्या, आणि यंदाच्या ज्युनिअरला मेंटॉर करायचं असेल तर आणखी दोन हंगाम थांबा. एमडींचं मुदतवाढीबद्दलचं पत्र मात्र जूनमध्येच मागून घ्या, ते आल्याशिवाय सीनिअरांची यादी करायला बसू नका.